न दिसणारे नासणे

पोळीचे चार तुकडे घ्या. एकावर पाणी शिंपडा, दुसरा उन्हात कडक वाळवा, तिसरा मीठ घातलेल्या लिंबाच्या रसात पूर्ण बुडवा आणि चौथा ओला करून फ्रीजमध्ये ठेवा. चारही झाकणाच्या बरण्यांत असू द्या. काही दिवसांत पहिल्यावर बुरशी दिसेल. वाळलेल्या तुकड्यात तिला पाणी मिळत नाही, आंबट-खारटात ती सहसा वाढत नाही. रसाबाहेर राहिलेल्या कोपऱ्यावर मात्र ती येते. लोणच्याच्या फोडी खारात बुडालेल्या हव्यात, त्या यासाठीच. फ्रीजमधला तुकडा बाहेर काढून ठेवा. त्यालाही बुरशी येईल, कारण थंडी जंतूंना मारीत नाही, केवळ मंदावते. (बरण्या न हुंगता टाकून द्या.)

बुरशी निदान दिसते तरी. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फ्रीजमध्ये ठेवला आणि दुपारी फोडणी देऊन खाल्ला. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. ‘डॉक्टर, भाताला वाससुद्धा नव्हता हो!’ तांदळातील काही जंतूंची बीजे शिजवूनही तगतात. उबेत वाढून ती जे विष सोडतात, ते ना थंडीने जाते, ना फोडणीने. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर बाहेर राहिला असेल, तर टाकून द्या.