तात्यांना सुईची भीती नव्हतीच

आमच्या गल्लीतले तात्या. वय ७१, साखर सतरा वर्षांपासून. रोज पहाटे उठून शेतात जाणारा, वारी न चुकवणारा माणूस. गेल्या वर्षी वजन उतरायला लागलं, रात्री चार-पाच वेळा उठावं लागायचं. उपाशीपोटीची शुगर २६८ आली, तीन महिन्यांची १०.८. गोळ्या आधीच पूर्ण मात्रेत चालू होत्या. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता इन्सुलिन लावावं लागेल." तात्यांनी केसपेपर घडी करून खिशात टाकला आणि सरळ घरी आले. पुढचे दोन महिने तिकडे फिरकले नाहीत.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, म्हातारा सुईला घाबरतो. मुलगा चिडायचा, सून समजूत घालायची. शेवटी मुलाने मला गळ घातली, "भाऊ, तुमचं ऐकतील, तुम्ही घेऊन जा." म्हणून मी त्यांच्यासोबत गेलो.

बाहेर रांग होती. आत साखर आणि बीपीचे पेशंट बघणाऱ्या एक सिस्टर बसलेल्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी कागद बघितले, पण इन्सुलिनचं नाव काढलं नाही. विचारलं, "तात्या, कोणाला बघितलंय इन्सुलिन घेताना?"

तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "थोरल्या भावाला. इंजेक्शन चालू केलं आन् महिन्याभरात पाय कापला. वर्षात गेला."

खरी गाठ ही होती. दोन महिने घरात कोणी हे विचारलंच नव्हतं.

सिस्टरनी विचारलं, "पायाला जखम कधी झाली होती?" तात्यांनी आठवून सांगितलं. काटा लागला होता, तीन-चार महिने हळद लावत होते, पाय काळा पडल्यावर जिल्ह्याला नेलं, आणि तिथे गेल्यावर इंजेक्शन चालू झालं. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे पाय आधी बिघडला, इन्सुलिन नंतर आलं. आग लागल्यावर बंब येतो. बंबाने आग लावली असं म्हणतो का आपण? भावाला इन्सुलिन लवकर मिळालं असतं तर साखर आटोक्यात राहिली असती. जखम भरायची शक्यता वाढली असती."

तात्यांचा पुढचा प्रश्न, "एकदा लागलं की सुटत नाही म्हणे."

इथे सिस्टर खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं सुटेल असं वचन मी देणार नाही. इन्सुलिन आपल्या पोटातच तयार होतं, स्वादुपिंडात. सतरा वर्षांत ते थकलंय. गोळी म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक. बैलातच दम नसेल तर चाबूक किती मारणार? आता बाहेरून दुसरा बैल जोडायचा. याला सवय लागणं म्हणत नाहीत. दारूची लागते ती सवय."

मग त्यांनी नवी सिरिंज फोडली, आपल्या पोटावर बेंबीपासून चार बोटं बाजूला चिमटीत कातडी धरली आणि कोरडीच सुई टोचून दाखवली. तात्या बघतच राहिले. सलाइनची सुई त्यांच्या डोक्यात होती. ही केसासारखी बारीक, नखाएवढी लांब, शिरेत नाही तर कातडीखालच्या चरबीत जाणारी. दुसरी नवी सिरिंज तात्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतःच टोचून घेतली आणि म्हणाले, "एवढंच? मुंगी बी यापेक्षा जोरात चावती."

डॉक्टरांनी ३०/७० चं इन्सुलिन लिहून दिलं. रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास, दहा युनिट. पुढचं सांगायला सिस्टरनी वीस मिनिटं घेतली. त्यातल्या तीन गोष्टी इथे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे घोटाळे इथेच होतात.

पहिली, बाटली आणि सिरिंजची जोडी. आपल्याकडे बहुतेक बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याला लाल टोपणाची सिरिंज. १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. जोडी चुकली तर घोटाळा. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज घेऊन दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात फक्त ४ युनिट जातात. उलटं झालं तर १० च्या जागी २५ जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. मेडिकलमधून आणताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, एवढं बघायचं.

दुसरी, ठेवायचं कुठे. तात्यांकडे फ्रिज नाही. सिस्टर म्हणाल्या, मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली. पाणी बाटलीला लागू द्यायचं नाही, भांडं सावलीत, वाळू रोज ओली. फ्रिज असलाच तर बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. फोडलेली बाटली चार आठवड्यांनी बंद. वापरताना तळहातांमध्ये हळू फिरवायची, खळाखळा हलवायची नाही. फिरवूनही गुठळ्या राहिल्या तर ती बाटली वापरायची नाही.

तिसरी, शुगर उतरणं. हात थरथरणं, दरदरून घाम, एकदम भूक, उगाच चिडचिड. मोजायचं यंत्र असेल तर आकडा ७० च्या खाली दिसतो. यंत्र नसेल तर थांबायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटं बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. नंतर जेवायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा.

निघताना तात्यांनीच विचारलं, "एकादशीला?" सिस्टर हसल्या. "इंजेक्शन घेऊन उपाशी राहायचं नाही. आणि मनाने बंदही करायचं नाही. आदल्या दिवशी येऊन विचारायचं, उपवासाला काय खाता ते सांगायचं, डॉक्टर मात्रा ठरवून देतील."

तिसऱ्या आठवड्यात एकदा झालंच. इंजेक्शन घेतलं आणि जेवायच्या आधी कीर्तनाला जाऊन बसले. तासाभरात घाम फुटला. उपरण्याच्या गाठीत सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे साखरेची पुडी होती. ती खाल्ली, घरी येऊन जेवले. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन बंद केलं नाही, जाऊन सिस्टरला सांगितलं. भीती तशीच राहिली असती तर त्या रात्रीच बाटली उकिरड्यावर गेली असती.

मात्रा डॉक्टरांनी दोन-दोन युनिटने वाढवत नेली. आता १६ वर आहे. उपाशीपोटीची शुगर १३० च्या आसपास असते. रात्री एकदाच उठतात. रोज झोपायच्या आधी तळपाय सुनेला दाखवतात, हेही सिस्टरनीच लावून दिलेलं.

एक गोष्ट पत्रकार म्हणून खटकली ती सांगतो. मी त्यांचं रजिस्टर पाहिलं. किती तपासले, किती सापडले, किती गोळ्या वाटल्या, सगळ्याला रकाने आहेत. औषध नाकारून घरी गेलेला माणूस परत का आला नाही, याला रकाना नाही. आणि एका म्हाताऱ्यासोबत घालवलेली ती वीस मिनिटं कुठेच लिहिली जात नाहीत. बाहेर साठ माणसांची रांग आणि आत एकच सिस्टर असेल तर ती वीस मिनिटं प्रत्येकाला मिळणार कुठून? आरोग्याच्या आढावा बैठकीत आपल्या लोकप्रतिनिधींनी इमारतीसोबत हाही प्रश्न विचारावा.

आणि तुमच्या घरात कोणी इन्सुलिनला नाही म्हणत असेल तर रागावण्याआधी एवढंच विचारा, "कोणाचं काय बघितलंय तुम्ही?"

(तात्यांना विचारूनच लिहिलं आहे. मात्रा त्यांची आहे, तुमची तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.)