तू यात नेमकं काय केलंस?

मास्टर्सच्या अर्जासाठी एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहायला बसले तेव्हा ते पत्र असतं, निबंध असतो की आत्मचरित्र, हेच मला कळेना. विषय काढणीपश्चात तंत्रज्ञानाचा. पहिलं वाक्य सुचलं ते असं: ‘सिन्स माय चाइल्डहुड आय हॅव बीन डीपली पॅशनेट अबाउट अ‍ॅग्रिकल्चर.’ बाहेर शिकून आलेल्या एका सीनिअर ताईनं ते वाचलं आणि विचारलं, "हे तर बागलाणातली कुठलीही मुलगी लिहील. तू यात कुठे आहेस?"

खरा घोळ प्रोजेक्टच्या वाक्यात होता. ‘आय प्लेड अ की रोल इन रिसर्च ऑन पोस्ट-हार्वेस्ट लॉसेस.’ ताई म्हणाली, "की रोल म्हणजे काय? तुझ्या हातानं काय झालं ते सांग." मी सांगत गेले, ती लिहीत गेली. नामपूरजवळच्या एका चाळीत उन्हाळी कांद्याच्या खुणा केलेल्या गोण्यांचं मी दर रविवारी वजन करायचे, सडलेला आणि कोंब आलेला कांदा वेगळा काढायचे, आर्द्रता नोंदवायचे. काळी बुरशी मात्र मैत्रिणीनं प्रयोगशाळेत ओळखली होती. ताईनं हे सगळं साध्या क्रियापदांत मांडलं: वजन केलं, निवडला, नोंदवली. मैत्रिणीच्या कामासाठी वेगळं वाक्य आलं. ‘डीपली’, ‘एक्स्ट्रीमली’ गेले. जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी वारा खेळणारी कांदाचाळ काय असते, ते परदेशातल्या वाचकासाठी एका ओळीत घातलं.

पुढचं मला अजिबात पटेना. आर्द्रता वाढली की सड वाढते, असा निष्कर्ष मी लिहिला होता. ताई म्हणाली, "चाळ एकच होती. तुलनेला दुसरी नव्हती. कांदा नीट न सुकवता भरला असेल तर?" ही उणीव लिहिली तर प्रवेश कोण देईल, असं मला वाटलं. तिचं म्हणणं होतं की वाचणारे प्राध्यापक हा प्रश्न विचारणारच. आपणच मांडला तर पुढे काय शिकायचंय तेही त्यातूनच निघतं. मग साठवणुकीच्या प्रयोगांची आखणी शिकवणारा त्या अभ्यासक्रमातला विषय या उणिवेला जोडला. त्याआधीचा विद्यापीठाच्या कीर्तीचा परिच्छेद सरळ काढला, कारण दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घातलं तरी तो तसाच चालला असता.

कमी गुण पडलेल्या सेमिस्टरबद्दल कारण आणि नंतरचे गुण, एवढंच ठेवलं. घरची हलाखी तिथे रंगवली नाही.

शेवटी भारतीय शेती बदलण्याचं स्वप्न होतं. त्याजागी आता आहे: परत आल्यावर बागलाणातल्या चाळींत कांद्याचे कमी-जास्त उंचीचे थर रचून सडीची तुलना करायची. ताईनं विचारलं, "खरंच करशील?" मी हो म्हटलं, मगच तिनं ते वाक्य राहू दिलं.