तेरा रकाने आणि दोन चवथी

जुलै 2025 मध्ये डिचोलीतल्या एका ओळखीच्या नारळ व्यापाऱ्याने मला दुकानात बोलावलं. त्यांचा माल डिचोली बाजारातल्या दुकानांना जातो आणि पेडण्यात हरमल, मांद्रे, मोरजीच्या हॉटेलांना व शॅकवाल्यांना. चवथीचा माल आधी सांगून ठेवावा लागतो. कमी पडला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, जास्त झाला तर नारळ वखारीत पडून सुकतो. त्यांच्या भाच्याने संगणकावर विक्रीचा अंदाज बांधणारं एक मॉडेल तयार केलं होतं. ‘सर, पोरानं मेहनत केलीय, पण याच्या भरवशावर पैसे गुंतवायचे की नाही तेवढं सांगा,’ एवढीच त्यांची मागणी होती. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून ही परीक्षा माझ्याकडे आली.

भाच्याकडे जुलै 2023 ते जून 2025 अशी चोवीस महिन्यांची विक्री होती. बिलं संगणकावर त्याच सुमारास येऊ लागली होती. विक्री समजावून सांगायला त्याने तेरा रकाने जमवले होते: महिन्याचा पाऊस, कमाल तापमान, मोपाचे प्रवासी, दाबोळीचे प्रवासी, नारळाचा भाव, साखरेचा भाव, पेट्रोलचा भाव, महिन्यातले रविवार, सरकारी सुट्ट्या, लग्नाचे मुहूर्त, मागच्या महिन्याची विक्री, आणि दोन खुणा, एक सप्टेंबरसाठी आणि एक मे महिन्यासाठी. सप्टेंबर चवथीचा आणि मे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचा, असा त्यामागचा विचार. पडद्यावर निळी रेघ खऱ्या विक्रीची होती, तांबडी मॉडेलची, आणि दोन्ही जवळजवळ एकमेकींवर चढलेल्या. आर-वर्ग 0.9 च्या वर होता, म्हणजे विक्रीतल्या चढउताराचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा मॉडेलने ‘समजावून’ सांगितला होता. मामा त्या दोन रेघांकडे कौतुकाने पाहत होते.

मी भाच्याला म्हटलं, ‘विक्रीचा रकाना तसाच ठेव. उरलेले तेरा पुसून टाक आणि प्रत्येक खणात =RAND() लिही.’ त्याला ते विचित्र वाटलं, पण त्याने केलं. आता पाऊस नाही, प्रवासी नाहीत, भाव नाहीत. तेराही रकान्यांत संगणकाने मनाला येईल तसे टाकलेले आकडे. तरीही तांबडी रेघ निळीच्या मागे धावत होती. आर-वर्ग निम्म्याच्या आसपास आला. आकडे पुन्हा बदलले की तो थोडा खाली-वर व्हायचा, पण शून्याकडे काही जायचा नाही.

तो जाणारही नव्हता. चोवीस नोंदी आणि विक्रीशी काडीचा संबंध नसलेले तेरा रकाने असतील, तर आर-वर्गाची सरासरी 13 भागिले 23, म्हणजे जवळपास 0.57 येते. तेवीस रकाने घेतले तर तो पुरता 1 होतो आणि रेघ प्रत्येक महिन्यातून तंतोतंत जाते, मग त्या रकान्यांत काहीही असो. याचं कारण गणिताच्या पद्धतीतच आहे. मॉडेल प्रत्येक रकान्याचा गुणक असा निवडतं की या चोवीस महिन्यांतल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. विक्रीत थोडा भाग खऱ्या कारणांचा असतो आणि थोडा निव्वळ योगायोगाचा. एखाद्या हॉटेलात अचानक मोठा समारंभ निघतो, एखाद्या दुकानदाराची ऑर्डर महिना संपता संपता पुढच्या महिन्यात सरकते. गुणक निवडताना कारण कुठलं आणि योगायोग कुठला हे मॉडेलला कळत नाही. प्रत्येक नवा रकाना त्या योगायोगाचाही एक वाटा गिळतो.

हा गिळलेला वाटा पुढच्या महिन्यात त्रास देतो. गतवर्षीचा योगायोग परत येत नाही, पण त्याच्यासाठी वाकवलेले गुणक तसेच राहतात आणि नव्या महिन्याचा अंदाज उगाचच इकडे-तिकडे ढकलतात. मी भाच्याला कागदावर हिशेब करून दाखवला. समजा, विक्रीतला जो भाग कुणालाच आधी कळू शकत नाही, तो महिन्याला सुमारे शंभर नारळांचा आहे. रकाने एकमेकांत फार गुंतलेले नाहीत असं धरलं, तर तेरा रकान्यांचं मॉडेल पाहिलेल्या चोवीस महिन्यांत सरासरी 65 नारळांचीच चूक दाखवील. शंभरापेक्षा कमी! इथेच संशय यायला हवा, कारण जे कळूच शकत नाही त्यातलंही काही कळल्याचा तो दावा आहे. न पाहिलेल्या महिन्यांत तेच मॉडेल सुमारे 160 नारळांनी चुकेल. तीनच रकाने घेतले, आणि ते खरोखर कामाचे असले, तर आतली चूक 91 दिसेल आणि बाहेरची 110. आतून बघताना तेरावालं सरस, बाहेर गेल्यावर तीनवालं.

‘पण पाऊस आणि प्रवासी यांचा संबंध तर खरा आहे ना?’ भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. संबंध खरा असणं वेगळं आणि चोवीस महिन्यांतून तो मोजता येणं वेगळं. आपल्याकडे पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात, परदेशी पाहुणे नसतात, तापमान उतरतं, लग्नंही थांबतात. हे सगळं एकदमच होतं. दोन वर्षांत पावसाळे दोनच आले. पेडण्यातली विक्री जून ते सप्टेंबर पडते ती पावसामुळे, की पाहुणे नसल्यामुळे, हे दोन पावसाळ्यांवरून कुठलंही मॉडेल सांगू शकत नाही. ते दोघांच्या गुणकांत काहीतरी वाटणी करून टाकतं. आम्ही एकच महिना, ऑक्टोबर 2024, वगळून गणित पुन्हा केलं तेव्हा पावसाचा गुणक उणेचा अधिक झाला. आधी पाऊस विक्री कमी करत होता, आता वाढवू लागला. एक महिना काढल्यावर गुणकाचं चिन्हच उलटत असेल, तर तो रकाना काही शिकलेला नाही, हे ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

मग आम्ही खरी परीक्षा घेतली. पहिले अठरा महिने मॉडेलला द्यायचे, जानेवारी ते जून 2025 झाकून ठेवायचे. अठरा महिन्यांतून तेरा गुणक आणि एक स्थिरांक काढायचा म्हणजे हातात चारच महिन्यांची मोकळीक उरते. त्यात मे महिन्याची खूण होती आणि अठरा महिन्यांत मे एकदाच येतो. एकाच महिन्यावर लावलेली खूण त्या महिन्याची चूक हमखास शून्य करते. मे 2024 मध्ये जे काही झालं असेल, जत्रेमुळे वा दुसऱ्या कशामुळे, ते सगळं त्या खुणेच्या नावावर जमा. झाकलेले सहा महिने उघडले तेव्हा मॉडेलचा अंदाज गेल्या वर्षी त्याच महिन्यात झालेल्या विक्रीपेक्षाही वाईट निघाला. गेल्या वर्षीचा आकडा उचलून पुढे ठेवायला संगणक लागत नाही. प्रत्येक मॉडेलने निदान त्याला तरी हरवावं ही माझी किमान अट असते.

या परीक्षेतही मॉडेलला एक सवलत मिळाली होती. झाकलेल्या महिन्यांतला पाऊस, प्रवासी आणि भाव यांचे खरे आकडे आम्हाला माहीत होते. प्रत्यक्षात ऑगस्टचा अंदाज जुलैत करायचा असेल, तर ऑगस्टमध्ये मोपावर किती प्रवासी उतरणार याचाही आधी अंदाज करावा लागणार, आणि त्या अंदाजाची चूक नारळांच्या अंदाजात मिसळणार. रकाने जितके अधिक, तितक्या या उसन्या चुका अधिक.

मामांनी सुचवलं की जुन्या वह्या काढून दहा वर्षांचे आकडे भरू. चोवीसचे एकशेवीस महिने झाले असते आणि तेरा रकाने मुळीच जड झाले नसते. पण मोपावरून प्रवासी उड्डाणं 5 जानेवारी 2023 ला सुरू झाली. त्याआधीचा पेडण्याचा बाजार वेगळा. त्यामागे कोविडची दोन वर्षं. त्याही मागे मार्च 2018 मध्ये डिचोलीतल्या खाणी बंद पडल्या, ट्रकवाल्यांच्या, कामगारांच्या हातातला पैसा आटला. जुन्या वह्यांतले महिने मोजायला महिनेच, पण त्यांतले संबंध आजचे नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं मला सापडलं ते सप्टेंबरच्या खुणेत. चवथ 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला. मॉडेल शिकलं की नारळ सप्टेंबरमध्ये खपतो. 2025 ची चवथ होती 27 ऑगस्टला. मॉडेलने ऑगस्ट नेहमीसारखा पडेल दाखवला होता आणि सप्टेंबरला मोठा उंचवटा. त्याप्रमाणे माल मागवला असता तर नेवऱ्या आणि माटोळी होऊन, गणपती पोचवून झाल्यावर नारळांच्या गाड्या आल्या असत्या. मामा भिंतीवरचं कालनिर्णय पाहत म्हणाले, ‘हे तर आमच्या हमालालाही माहीत आहे.’ भाच्याचा चेहरा पडला. त्याची बाजू घेऊन मला सांगावं लागलं की खूण लावायचा विचार बरोबर होता, ती चुकीच्या पंचांगावर लागली होती.

आम्ही खूण बदलली. घरोघरची नारळखरेदी चवथीच्या आधीच्या दहा दिवसांत होते, असं मामांचा अनुभव सांगतो. त्या दहांपैकी किती दिवस कुठल्या महिन्यात पडतात, तो आकडा रकान्यात भरला. 2023 मध्ये दहाही दिवस सप्टेंबरचे. 2024 मध्ये 28 ऑगस्टपासून धरले तर ऑगस्टचे चार आणि सप्टेंबरचे सहा. 2025 मध्ये 17 ते 26, दहाही ऑगस्टचे. बाकी सगळे महिने शून्य. हा रकाना पुढच्या कितीही वर्षांसाठी आजच भरता येतो, त्याचा अंदाज करावा लागत नाही. दुसरा रकाना किनाऱ्यावरच्या हंगामाचा, ऑक्टोबर ते मार्च. जत्रेचा रकाना ठेवावा की नाही यावर बराच वेळ गेला. ती वैशाख शुद्ध पंचमीला येते, म्हणजे 2024 आणि 2025 मध्ये मे महिन्यात, पण 2026 मध्ये एप्रिलमध्ये. शेवटी तोही तिथीप्रमाणे ठेवला. तीन रकाने झाले. आर-वर्ग खाली आला, तांबडी रेघ निळीपासून सुटी झाली, आणि झाकलेल्या सहा महिन्यांत या मॉडेलने गेल्या वर्षीच्या आकड्याला हरवलं.

मात्र त्या सहा महिन्यांत चवथ आलीच नव्हती. म्हणजे सगळ्यात जास्त पैसे ज्या रकान्यावर लागणार, त्याचीच परीक्षा झालेली नव्हती. त्याचा गुणक दोन चवथींवर उभा होता, आणि 2025 मध्ये नारळाचा भावही चढलेला होता. महाग झाला म्हणून लोक कमी घेतील का, हे त्या दोन चवथी सांगू शकत नव्हत्या. म्हणून मी मामांना एक आकडा दिला नाही. एक खालचा आणि एक वरचा दिला, आणि खालच्या आकड्याएवढा माल आधी पक्का करून उरलेल्यासाठी बागायतदाराशी चवथीच्या आठवडाभर आधीपर्यंत बोलणं उघडं ठेवायला सांगितलं. त्यांनी तसंच केलं. ऑगस्टची विक्री त्या दोन आकड्यांच्या मध्ये, वरच्याच्या जवळ पडली. भाच्याने ती सव्विसावी नोंद म्हणून भरली आणि 2026 चा रकाना तयार केला: चवथ 14 सप्टेंबर, खरेदीचे दहाही दिवस सप्टेंबरचे.