अण्णामामांच्या वहीतला साळिंदर

माझे थोरले मामा, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, १९५३ साली शेतीशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि दोन वर्षांनी बेळगावला परतले. त्यांच्या पश्चात कपाटातून निघालेली एक वही माझ्याकडे आली. वहीत बहुतेक हिशेबच आहेत, परंतु डिसेंबर १९५४च्या पानावर वर्तमानपत्रातील चित्रमालिकेची दोन कात्रणे डकवलेली आहेत. मालिकेचे नाव कात्रीत गेलेले, चित्रकाराची सही नाही. पहिल्या कात्रणात लांब अंगरख्यातला उंदरासारखा प्राणी काहीतरी उपदेश करीत आहे. दुसऱ्यात अंगावर काटे असलेला, टोपी घातलेला, कपाळाला आठ्या घातलेला प्राणी एका लहानशा प्राण्यापुढे हातात काडीसारखे काही धरून उभा आहे. त्या काटेरी प्राण्याकडे बाण काढून अण्णामामांनी शाईने लिहिले आहे, ‘हा मी’.

माझी आई नव्वदीची आहे. तिने ते पान पाहिले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अण्णाला आम्ही माणूसघाणा म्हणायचो. त्यालाही तसंच वाटत होतं म्हणायचं. हातात काठी घेतलेला काटेरी उंदीर!” हा प्राणी कोण, हे शोधून काढल्यावाचून तिच्या या वाक्याला उत्तर देता येणार नव्हते. म्हणून मी शोधाला लागलो.

आरंभी मी चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला आणि फसलो. गोलसर रेषा आणि हातमोज्यांसारखे हात पाहून हे डिस्नेचे असावे, असे मला वाटले. तो तर्क अगदीच निराधार नव्हता, हे पुढे कळले; पण चेहरा हा असल्या शोधात दुबळा पुरावा असतो. एका चित्रशाळेत शिकलेल्या अनेक हातांतून सारखेच चेहरे उतरतात. म्हणून चेहरा बाजूला ठेवला आणि पात्रांच्या मागे काय आहे, ते भिंगातून पाहू लागलो.

मागे पाणी होते. पाण्यात बुडालेल्या बुंध्यांची झाडे, फांद्यांवरून दाढीसारखे लोंबणारे शेवाळासारखे काही, आणि सपाट तळाची एक होडी. ही दलदल होती. अमेरिकेतील गाजलेल्या चित्रमालिकांना बहुधा एक ठरलेले गाव असते. ‘क्रेझी कॅट’चे जग कोकोनिनो परगण्यातील वाळवंटी माळाचे आहे, ‘लिल ॲबनर’चे डॉगपॅच हे डोंगरातील दरिद्री खेडे आहे. बोलक्या प्राण्यांची दलदल म्हटले की नाव एकच पुढे येते : जॉर्जिया राज्यातील ओकेफेनोकी दलदल, आणि तिथे घडणारी वॉल्ट केली यांची ‘पोगो’. केली यांनी १९३६ ते १९४१ या काळात डिस्नेच्या चित्रशाळेत काम केले होते. माझ्या पहिल्या चुकीचे मूळ तिथे होते.

होडीने आणखी एक खूण दिली. एका चौकटीत तिच्या कडेवर एक नाव लिहिलेले होते आणि पुढच्याच चौकटीत त्याच होडीवर दुसरे. प्रथम मला ही छपाईतील चूक वाटली. पण होडीवरची नावे बदलत ठेवणे ही केली यांची ठरलेली गंमत होती; आपल्या मित्रांची आणि वर्तमानपत्रांतील मंडळींची नावे ते तिथे घालीत. कथेशी त्या नावाचा संबंध नसतो, म्हणून नवखा वाचक ते पाहतच नाही आणि नेहमीचा वाचक आधी तेच पाहतो.

तरीही मालिका निश्चित झाली असे म्हणणे घाईचे होते. ते काम केले अक्षरांनी. पहिल्या कात्रणातील उपदेशकाचा फुगा इतर फुग्यांहून अगदी वेगळा होता. बाकीच्यांचे बोलणे साध्या, हाताने काढलेल्या मोठ्या रोमन अक्षरांत. याचे मात्र जाड उभ्या रेघांच्या, टोकदार, काळ्याभोर अक्षरांत. जुन्या जर्मन ग्रंथांतली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यातली ही गॉथिक वळणाची अक्षरे होत. आपल्याला ती परकी वाटू नयेत. बोरूचे टोक तिरके कापून देवनागरी लिहिली की कुठे जाड आणि कुठे बारीक रेघ उमटते. गॉथिक अक्षरांचे वळणही रुंद टोकाच्या लेखणीतूनच आले आहे. पोथीच्या अक्षरात कोणी “आज भाजी काय आणू?” असे लिहिले तर जे हसू येईल, तेच केली यांनी इथे साधले आहे. या पात्राचे नाव डीकन मशरॅट. मस्करॅट हा पाण्याकाठी राहणारा उंदराच्या जातीचा प्राणी, आणि डीकन म्हणजे चर्चमधील एक पदाधिकारी. स्वतःला नीतीचा रखवालदार समजणारा हा गृहस्थ काहीही बोलला तरी ते धर्मग्रंथाच्या अक्षरांतच उमटते.

इथेही एक खाचखळगा आहे. गॉथिक अक्षरांत बोलणारी पात्रे अन्यत्रही आहेत. फ्रेंच ‘ॲस्टेरिक्स’मधील गॉथ टोळीवाले असेच बोलतात आणि क्षणभर माझे मन तिकडे गेलेही. पण ते पात्र माणसांचे, आणि ‘ॲस्टेरिक्स’चा जन्मच १९५९चा, मामांच्या वहीनंतर पाच वर्षांचा. म्हणून एका फुग्यावर विसंबू नये, मालिकेत आणखी कोणाकोणाचे अक्षर वेगळे आहे ते पाहावे. ‘पोगो’त पी. टी. ब्रिजपोर्ट नावाचे सर्कसवाले अस्वल आहे. त्याचे बोलणे सर्कशीच्या जाहिरातीसारख्या नक्षीदार, फुगीर अक्षरांत येते. सांगली-तासगावकडच्या सर्कशींची जुनी हस्तपत्रके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या अक्षरांतला आवाज ऐकू येईल. एक गिधाडही आहे. त्याचे शब्द काळ्या किनारीच्या चौकोनात, मृत्यूच्या छापील सूचनेसारखे येतात. आपल्या वर्तमानपत्रातील ‘दुःखद निधन’ची चौकट डोळ्यांपुढे आणावी. उच्चार, हेल आणि सामाजिक पायरी हे आपण कानाने ओळखतो. केली यांनी ते अक्षराच्या वळणात ठेवले. दलदल, बदलत्या नावांची होडी आणि धर्मग्रंथी अक्षरांचा मशरॅट हे तिन्ही एकत्र आल्यावर मालिकेविषयी शंका उरली नाही.

मालिका मिळाली, पण ‘हा मी’ म्हटलेला प्राणी अक्षरांवरून मिळेना, कारण त्याचे अक्षर साधेच होते. सर्वांसारखे अक्षर असलेल्या पात्राबाबत वळणाची खूण मुकी होते. तिथे पुन्हा पुन्हा येणारा ठरलेला विनोदच कामी येतो, आणि तो एका कात्रणात दिसू शकत नाही. एकदा घडते तो प्रसंग असतो. वर्षानुवर्षे घडतो तेव्हाच तो त्या पात्राचा स्वभाव ठरतो. ‘पोगो’तील चर्ची हा कासव तेरा तारखेच्या शुक्रवाराला भितो, आणि तेरा तारीख शुक्रवारी नसली तरी ती या महिन्यात अमुक वारी आली म्हणून घाबरतो. एकच महिना वाचणाऱ्याला तो केवळ वेडपट वाटेल. अनेक महिने वाचणारा पंचांग पाहून त्याची वाट पाहील.

परदेशी असलेल्या माझ्या भाचीकडे फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने काढलेल्या समग्र ‘पोगो’चे पहिले दोन खंड होते. ते १९४९ ते १९५२ या वर्षांचे, म्हणजे मामा तिकडे पोहोचण्यापूर्वीचे. त्यामुळे प्रत्यक्ष ते कात्रण त्यांत मिळणार नव्हते. पण मला कात्रण नको होते, सवय हवी होती. कात्रणातील दाराला हिरव्या डहाळ्यांचे कडे टांगलेले होते, म्हणजे नाताळचे दिवस. म्हणून मी भाचीला दर वर्षाची फक्त डिसेंबरअखेरची पाने पाहायला सांगितले.

उत्तर तिथे होते. तो प्राणी साळिंदर, नाव पोर्कीपाइन. दलदलीतला सर्वांत उदास जीव. तो कधी हसत नाही. एकदाच हसला म्हणतात, तोही दिवा विझल्यावर. नाताळाच्या दिवशी मात्र तो पोगोच्या दारी येतो, आठ्या तशाच ठेवून त्याच्या हातात एक फूल देतो. पोगो हा ऑपॉसम, पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या प्राण्यांपैकी. दलदलीतला सर्वांत सरळ मनाचा. मामांच्या कात्रणात स्वस्त कागदावर शाई पसरून गेल्याने जी काठी वाटत होती, ती फुलाचा देठ होता. पुन्हा भिंग लावल्यावर देठाच्या टोकाला पाकळ्यांची पुसट वर्तुळेही दिसली. आधीही ती तिथेच होती, पण काय पाहायचे ते मला ठाऊक नव्हते.

मामांच्या त्या मुक्कामातच या मालिकेत चेहऱ्याविषयीचा एक प्रसंग घडला होता. केली यांनी १९५३ साली सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावर सिंपल जे. मलार्की नावाचे रानमांजर बेतले. प्रॉव्हिडन्स शहरातील एका वृत्तपत्राने बजावले, हा चेहरा पुन्हा दिसला तर मालिका बंद करू. केली यांनी मलार्कीच्या डोक्यावर पिशवी चढवली, आणि प्रॉव्हिडन्सच्या कोणी आपल्याला पाहू नये म्हणून ती घेतल्याचे त्याच्याच तोंडून वदवले. चेहरा गेला, ओळख गेली नाही.

मी हे सारे आईला सांगितले. फुलापाशी आल्यावर तिने मला थांबवले. “भाऊबीजेला अण्णा काय करायचा आठवतं का रे तुला?” मला आठवत होते. पहाटे यायचे, ओवाळून घ्यायला बसायचे नाहीत, शेवंतीची फुले केळीच्या पानात बांधून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, “सणाबिणाचं मला काही कळत नाही” असे पुटपुटायचे आणि चहा न घेता निघून जायचे. अमेरिकेहून परतल्यापासून अखेरपर्यंत एक वर्षही चुकले नाही. आम्ही मुले त्यांच्या त्या वाक्याची नक्कल करून हसत असू.

आईने वही जवळ ओढली आणि ‘हा मी’ या अक्षरांवरून बोट फिरवले. “मी हे तुसडेपणाचं समजले होते,” ती म्हणाली. “त्याला आपले काटे ठाऊक होते. फूलही ठाऊक होतं.”