शितावरून भात, पण कुठल्या शितावरून?

शुक्रवारी रात्री ताईचा मेल आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. मराठवाड्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. त्यांनी जानेवारीत एका तालुक्यात नळाच्या पाण्याचं सर्वेक्षण केलं होतं, रिपोर्ट जवळपास तयार होता आणि फक्त एक भाग रिकामा होता: 'नमुना निवड'. "तुमचं ते गणित-बिणीत तुला येतं ना रे, एक पान लिहून दे. ३८४ चं सूत्र टाकलं की झालं. सोमवारी पाठवायचंय."

म्हटलं, एक तास. शनिवारी चहा पिता पिता होऊन जाईल. झालं मात्र असं की रविवारी रात्री अकरा वाजता आम्ही दोघं फोनवर भांडत होतो. त्याचीच ही गोष्ट. (तालुका ओळखू येऊ नये म्हणून आकडे जरा गोल केलेत.)

आधी ते ३८४. सर्वेक्षणाच्या कुठल्याही रिपोर्टात हा आकडा हमखास भेटतो. तो येतो असा: "हो की नाही" प्रकारचा प्रश्न आहे, उत्तर ५ टक्के इकडेतिकडे झालं तरी चालेल, आणि १०० पैकी ९५ वेळा आपण त्या पट्ट्यात असावं असं वाटतं. मग

```
n = 1.96² × 0.5 × 0.5 / 0.05² = 384
```

त्यातले ते दोन `0.5` म्हणजे "निम्म्या घरांत पाणी येतं" असं धरून चालणं. तिथे गुणाकार सगळ्यात मोठा येतो, म्हणजे उत्तर काहीही निघालं तरी नमुना कमी पडत नाही. आणि सूत्रात तालुक्यात एकूण घरं किती हे कुठेच नाही, हे पाहिलंत? २४,००० असोत नाहीतर २ लाख ४० हजार, फरक नगण्य. मीटिंगमध्ये कोणीतरी नेहमी विचारतं, "एवढ्या मोठ्या तालुक्यात फक्त ४०० घरं?" त्याचं उत्तर आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं. भांडं केवढं का असेना, भात शिजला का ते बघायला चार शितं पुरतात.

पण अट एकच. शितं सगळ्या भांड्यातून यायला हवीत. कडेची चार शितं एकाच ठिकाणची उचलली तर ती चार नाहीत, जेमतेम दीड आहेत. एक कच्चं तर शेजारचंही कच्चंच असणार.

आणि ताईच्या लोकांनी नेमकं तेच केलं होतं. तसं सगळेच करतात, कारण २४,००० घरांच्या यादीतून कुठलीही ४०० निवडून प्रत्येक घराच्या मागे जीप फिरवणं कोणाला परवडतं? म्हणून तालुक्यातल्या ८० गावांपैकी २० गावं निवडली आणि प्रत्येक गावात २० घरं विचारली. पाण्याची गंमत अशी की ते गावाला येतं नाहीतर येत नाही. टाकी भरली तर निम्म्या गल्ल्यांना येतं, मोटार जळली तर कोणालाच नाही. एका गावात पाचव्या घराला विचारल्यावर उरलेल्या पंधरांचं उत्तर बऱ्यापैकी ओळखता येतं. मग त्या पंधरांनी नवीन काय सांगितलं?

हे नुकसान मोजता येतं. त्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. एका गावातली घरं एकमेकांसारखी किती, याचा आकडा (`rho`) आणि प्रत्येक गावातली घरं (`m`), एवढंच लागतं. तो `rho` आणायचा कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या म्हणजे एनएफएचएसच्या रिपोर्टांना शेवटी नमुना-त्रुटींचं परिशिष्ट असतं. सहसा तिथवर कोणी पोचत नाही. त्यात `DEFT` नावाचा रकाना असतो, त्याचा वर्ग म्हणजे डिझाइन इफेक्ट. त्यांच्या चौथ्या-पाचव्या फेरीत एका समूहात २२ घरं होती, तेव्हा समजा `DEFT` २ असेल तर इफेक्ट ४, आणि `rho` निघतो ३ भागिले २१, म्हणजे ०.१४. ताईच्या स्वतःच्या डेटातूनही मी काढून बघितला, साधारण तिथेच आला. मग

```
deff = 1 + (20 − 1) × 0.14 = 3.66
400 / 3.66 = 109
1.96 × √(0.25 / 109) = 0.094
```

म्हणजे ४०० घरं विचारली, पण माहिती मिळाली १०९ घरांइतकी. अपेक्षित त्रुटी ५ टक्के नाही, ९.४ टक्के!

बरं, याच ४०० घरांसाठी ४० गावं घेऊन प्रत्येकी १० घरं विचारली असती तर इफेक्ट २.२६ वर आला असता आणि त्रुटी ७.४ वर. घरं तितकीच, फक्त जीपचे फेरे जास्त. "नमुना किती?" या प्रश्नाला "४००" हे अर्धंच उत्तर आहे. "किती गावांतले?" हा उरलेला अर्धा.

दुपारी ताईला फोन करून विचारलं, गावं निवडलीत कशी?

"चिठ्ठ्या टाकून. पंचायत समितीच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या समोर. एकदम निष्पक्ष!"

निष्पक्ष होतं, पण गावांच्या बाबतीत. १०० घरांची वाडी आणि १००० घरांचं बाजाराचं गाव, दोघांची चिठ्ठी एकच. चिठ्ठी निघाली की दोन्हीकडे २० घरं. म्हणजे वाडीतलं घर निवडलं जाण्याची शक्यता २० त एक, आणि मोठ्या गावातल्या घराची २०० त एक. वाडीतल्या माणसाचं मत दहापट मोजलं गेलं. नमुना-योजनेत हा सरळ बदल हवा होता: गावांची यादी घ्यायची, घरांची बेरीज पुढेपुढे करत जायची, २४,००० भागिले ४० म्हणजे ६०० चा टप्पा ठरवायचा. १ ते ६०० मधला एक रँडम आकडा, समजा २१७, काढायचा आणि २१७ वं, ८१७ वं, १४१७ वं घर ज्या ज्या गावात पडेल ती गावं उचलायची. मोठ्या गावाला मोठी संधी मिळते, पण प्रत्येक टप्प्यामागे १०च घरं, म्हणून शेवटी प्रत्येक घराची शक्यता सारखीच राहते, ६० त एक.

झालेल्या सर्वेक्षणात आता एवढंच शक्य होतं की प्रत्येक गावाच्या उत्तराला त्याच्या घरांच्या संख्येइतकं वजन द्यायचं. दिलं. रिपोर्टातले ५३ टक्के ५१ झाले. (आणि असमान वजनांनी त्रुटी आणखी थोडी वाढते, ते वेगळंच.)

मग मी भीत भीत तिसरा प्रश्न विचारला. "कुलूप असलेल्या घरांचं काय केलंत?"

"शेजारचं घर घेतलं. ४०० पूर्ण करायची होती ना."

किती? फॉर्म चाळून तिने सांगितलं, ५२. जानेवारीत त्या भागात घराला कुलूप का असतं हे ताईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ऊसतोडीला गेलेली माणसं ती. दिवाळीनंतर जातात, कारखाने बंद झाले की परत येतात. ती बहुतेक गावाच्या टोकाला राहतात, जिथे पाइपलाइन सगळ्यात शेवटी पोचते. त्यांच्या जागी घेतलेला शेजारी म्हणजे जो गावात राहू शकतो असा माणूस. ४०० चा आकडा पूर्ण दिसतो आणि त्यात पडलेलं भोक बुजून जातं.

हे भोक कुठल्याही सूत्रात मावत नाही. ९.४ टक्के ही त्रुटी फक्त चिठ्ठीच्या नशिबाची आहे. चुकीच्या माणसाला विचारण्याची त्यात नाही, आणि नमुना वाढवूनही ती जात नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट'ने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या आणि तरी रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट दणक्यात जिंकले. करता येतं ते एवढंच की किती फरक पडू शकतो ते लिहायचं. ५२ घरं म्हणजे १३ टक्के. त्यातल्या समजा ३० टक्क्यांनाच पाणी येत असेल, तर ५१ चे ४८ होतात.

आता रविवारची रात्र. भांडण ३८४ वरून नव्हतंच. रिपोर्टाचं पहिलं वाक्य होतं: "गेल्या वर्षी ४६ टक्के घरांत नियमित पाणी येत होतं, यंदा ५३ टक्के." हे सात टक्के म्हणजे ताईच्या टीमचं वर्षभराचं काम. पाणी समित्या, व्हॉल्व्ह दुरुस्त्या, ग्रामसेवकांच्या मागे लागणं. आणि त्यावरच पुढच्या वर्षीचा निधी.

पण गेल्या वर्षीही २० गावं, वेगळी, चिठ्ठ्या टाकूनच. दोन्हीकडे ९.४ ची त्रुटी असेल तर फरकाची त्रुटी त्या दोन वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे १३. सातचा फरक तेराच्या धुक्यात. सुधारणा झाली असेलही, या आकड्यांवरून ते सांगता येत नाही.

"म्हणजे आम्ही काहीच केलं नाही असं लिहू का?" ताईचा आवाज चढला होता.

"नाही गं. आपल्याला दिसलं नाही असं लिही. दोन्हींत फरक आहे."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ज्या गावांत आम्ही व्हॉल्व्ह बदलले तिथे पाणी येतं रे. मी स्वतः बघितलंय." मीही नाही म्हणत नव्हतो. पण ते वेगळं वाक्य होतं, आणि त्याचा पुरावा या ४०० घरांत नव्हता, तो दुरुस्तीच्या रजिस्टरांत होता. ते तिथूनच द्यायचं ठरलं.

शेवटी नमुना-निवडीचा भाग असा गेला:

"८० गावांपैकी २० गावे चिठ्ठीने, गावाचा आकार विचारात न घेता निवडली, प्रत्येक गावात २० घरे. विश्लेषणात घरसंख्येनुसार भार दिले आहेत. गावातील घरांच्या सारखेपणामुळे (डिझाइन इफेक्ट सुमारे ३.७) अपेक्षित त्रुटी ±५ नसून किमान ±९ टक्के आहे. ५२ घरे बंद असल्याने शेजारची घरे घेतली. ही बहुतांश स्थलांतरित कुटुंबे असल्याने प्रत्यक्ष प्रमाण दाखवल्यापेक्षा कमी असू शकते. गेल्या वर्षीशी तुलना या नमुन्यावरून करता येत नाही."

त्याखाली पुढच्या वेळची योजना: ४० गावं, वर सांगितलेल्या टप्प्याने, प्रत्येकी १० घरं, आणि दरवर्षी तीच गावं. गावं तीच ठेवली की गावागावांतला मुळातला फरक दोन्ही वर्षांत सारखाच राहून बराचसा वजा होतो, आणि उरतो तो खरा बदल. कुलूप दिसलं तर शेजारी नाही, कारणासकट 'बंद' अशी नोंद. महिना सप्टेंबर, ऊसतोडीला जायच्या आधी. पावसाळ्यात पाणी जरा बरं असतं हे खरं, पण दरवर्षी सप्टेंबरच असेल तर तुलनेला बाध येत नाही.

ताईने सोमवारी रिपोर्ट पाठवला. पहिलं वाक्य बदलून. निधीचं अजून कळलेलं नाही.

काल तिचा मेसेज आला: "४० गावांसाठी जीपचं भाडं किती धरू?" म्हटलं, ते मात्र सूत्रात नाही बसत :-)