लक्ष्मीची पाटी

मेहुण्याच्या दुकानाची निमंत्रणं दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती आणि दुकान अजून विटा-सिमेंटातच! म्हणून मी एआयकडून दुकानाचं चित्र काढून घेतलं. दुकान झकास उतरलं. पण पाटीवरचं 'लक्ष्मी किराणा' आमच्या मॅनेजरसाहेबांच्या सहीइतकंच वाचनीय! शिरोरेषा तेवढी सरळ. त्याला अक्षरं लिहायची नसतातच हो, अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी काढायचं असतं. पाच वेळा सांगितलं, पाच नव्या लिपी मिळाल्या.

शेवटी म्हटलं, बाबा रे, पाटी कोरीच ठेव. मग नाव आपणच टाकायचं. एका सहकाऱ्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये टाकलं, तर 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागं जाऊन उभी राहिली आणि 'क्ष्मी'चे पाय मोडले. जोडाक्षरं जुळवणं त्याला ठाऊकच नव्हतं. 'गिंप'मध्ये मुक्ता फाँटात तेच नाव नीट उमटलं.

पण पाटी तिरपी, नाव सरळ! म्हणून पर्स्पेक्टिव्ह टूलनं नावाचे चार कोपरे पाटीच्या कोपऱ्यांच्या रेषेत ओढले. तरी ते चिकटवलेल्या तिकिटासारखंच दिसे. लेयरचा मोड 'मल्टिप्लाय' केला, तेव्हा लाकडाच्या रेषा आणि छपराची सावली अक्षरांवर आली. (अक्षरं गडद, पाटी फिकी, म्हणून हे जमलं.) किंचित ब्लर देऊन धारही मारली.

मेहुणा खूश झाला. म्हणाला, "भावोजी, फक्त 'श्री' राहिला की पुढं!"

ओढाताण केलेलं नाव आता चित्र झालेलं. त्यात अक्षर घुसेना. सरळ नावाची प्रत ठेवली होती, म्हणून वाचलो. कोपरे मात्र पुन्हा ओढले.