अंगठीचं बजेट

मागच्या महिन्यात धाकटी भाची तिच्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन घरी आली. चार महिन्यांनी साखरपुडा. सराफाकडे 1,40,000 ची हिऱ्याची अंगठी बघून आले होते. "मावशी, बारा हप्त्यांत बिनव्याजी देतात," ती म्हणाली. तो म्हणाला, "अंगठी दोन पगारांची असावी म्हणतात ना?"

मी म्हटलं, हे आपल्या पंचांगात नाही हो! डी बिअर्स या हिरे कंपनीच्या परदेशातल्या जाहिरातींतून आलेलं आहे ते. विकणाऱ्यानंच ठरवलेलं माप आपण कशाला लावायचं?

बी.कॉम.ची सवय, वही काढली. दोघांची मिळून शिल्लक 2,40,000. लग्नानंतर घरखर्च महिना 40,000 धरला, तर तीन महिन्यांचे 1,20,000 अडीअडचणीसाठी बाजूला. भाड्याच्या घराचं डिपॉझिट 70,000. उरले 50,000. साखरपुड्यापर्यंत दोघं मिळून दरमहा 7,000 टाकतील, त्याचे 28,000. म्हणजे दोन्ही अंगठ्यांना मिळून 78,000. पगार किती, यापेक्षा हातात मोकळं किती उरतं, त्यावर आकडा ठरला.

बिनव्याजी हप्त्यांचं काय? मी सराफाला फोन करून विचारलं, रोख दिले तर किती? घडणावळीवर सूट निघाली, ती हप्त्यांवर नव्हती. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे व्याज होतंच, फक्त नाव दुसरं. आणि कार्डाचं बिल थकलं, तर महिन्याला 3 टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. 1,40,000 वर ते एका महिन्याचेच 4,200 होतात.

मग साध्या 22 कॅरेटच्या अंगठ्यांचा हिशेब मांडला. सोपं जावं म्हणून भाव ग्रॅमला 10,000 धरला. त्याची साडेतीन ग्रॅमची, तिची तीन ग्रॅमची. सोनं 65,000, घडणावळ 12 टक्के म्हणजे 7,800, त्या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी 2,184. एकूण 74,984. बसलं!

उद्या मोडायला नेली, तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. म्हणून नक्षी जितकी कमी, तितका तोटा कमी. खडा असेल तर त्याचं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नाही ना, हे बिलावर पाहायचं. अंगठीवरचा सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून शुद्धता दुकानातच ताडून घ्यायची. आणि भाव चढला तर वजन कमी करायचं, रक्कम वाढवायची नाही.

भाची थोडी हिरमुसली. हिरा मनात बसला होता तिच्या. मी समजूत घातली नाही. आपल्याकडे परिग्रहाचं परिमाण आधी ठरवतात, वस्तू समोर आल्यावर नाही, एवढंच म्हटलं. वही तिच्याच हातात दिली.

परवा तिचा फोन आला. "मावशी, पहिले सात हजार टाकले. तीन ग्रॅमचीच बघतोय."